सॅटर्न रिटर्न संपेपर्यंत राजीनामा थांबवू का?

पत्र: "माझा जन्म १४ मार्च १९९६ चा. जन्मवेळ घरात कुणालाच आठवत नाही. एप्रिलमध्ये मला टीम लीड केलं. मला नको होतं, पण नाही म्हणता आलं नाही. ऑक्टोबरपासून रोज सकाळी पोटात गोळा येतो. मैत्रीण म्हणते, हा तुझा सॅटर्न रिटर्न. एका ॲपवर तो मार्च २०२३ ते फेब्रुवारी २०२६ असा दिसतो, दुसऱ्यावर फक्त तीन तारखा: एप्रिल, ऑक्टोबर आणि येता जानेवारी. शनी दहाव्या घरात आहे म्हणे, म्हणजे सगळा प्रश्न करिअरचाच. आई म्हणते ही साडेसाती. जानेवारीआधी राजीनामा देऊ, की हे सगळं निघून जाईपर्यंत थांबू?"

उत्तर:

जानेवारीकडे डोळे लावून बसू नका, एवढं आधीच सांगून टाकते. का ते कळायला दोन ॲपमधला घोळ सोडवावा लागेल. गंमत अशी, की तारखांच्या बाबतीत दोन्ही ॲप आपापल्या जागी बरोबर आहेत. चुकलंय ते दहावं घर, आणि तुमची सगळी भीती नेमकी त्याच घरावर उभी आहे.

शनीला सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला सुमारे २९.४६ वर्षं लागतात. तुम्ही जन्मलात तेव्हा तो राशिचक्रात ज्या जागी होता तिथे तो पुन्हा येतो, तेव्हा पाश्चात्त्य ज्योतिषी म्हणतात की तुमचा सॅटर्न रिटर्न आला. वाद आहे तो "जागा" म्हणजे काय यावर. १४ मार्च १९९६ ला शनी मीन राशीच्या २७ व्या अंशाजवळ होता. पहिल्या ॲपने जागा म्हणजे अख्खी रास धरली. शनी मीनेत ७ मार्च २०२३ ला शिरला आणि फेब्रुवारी २०२६ च्या मध्यावर तिथून कायमचा निघेल. मध्ये २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत तो मेषेत डोकावून आला, ते ॲपने सोडून दिलं. या हिशेबाने तुमचा रिटर्न जवळजवळ तीन वर्षांचा होतो, आणि तुमच्या आधी-नंतर जन्मलेल्या, मीनेत शनी असलेल्या सगळ्यांचा तो नेमका त्याच तारखांना सुरू होऊन त्याच तारखांना संपतो.

दुसऱ्या ॲपने जागा म्हणजे अंश धरला. शनी २७ अंशांवरून जातो त्या दिवसांची त्याने नोंद केली आणि तीन दिवस सापडले: २०२५ च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा, ऑक्टोबरचा मध्य आणि २०२६ च्या जानेवारीचा मध्य. एकच जागा आणि तीन वेळा कशी, असं वाटेल. शनी दर वर्षी साधारण साडेचार महिने वक्री असतो, म्हणजे पृथ्वीवरून पाहताना मागे सरकताना दिसतो. तो खरा मागे जात नाही. आपली पृथ्वी आतल्या, वेगवान मार्गावरून त्याला ओलांडून पुढे जाते. शेजारच्या रुळावरची हळू गाडी आपली गाडी तिला मागे टाकताना उलटी धावते आहे असं वाटतं, तसंच हे. तुमचा २७ वा अंश नेमका या मागेपुढे होण्याच्या पट्ट्यात सापडला. एप्रिलमध्ये शनी तो ओलांडून पुढे गेला, १३ जुलैला मेषेच्या दुसऱ्या अंशाजवळ थबकून मागे वळला, ऑक्टोबरमध्ये २७ वर परतला, नोव्हेंबरअखेर मीनेच्या २५ अंशांवर पुन्हा सरळ झाला आणि आता जानेवारीत तिसऱ्यांदा त्याच अंशावरून जाईल. सगळ्यांच्या वाट्याला तीन भेटी येत नाहीत. ज्यांचा शनी या पट्ट्याबाहेर पडतो त्यांची एकाच दिवसात बोळवण होते. म्हणून "एकोणतिसाव्या वाढदिवसाला शनी परततो" हे ढोबळ बोलणं आहे. पट्टा कुठे पडतो त्यावर कुणाचा रिटर्न साडेअठ्ठाविसाव्या वर्षीच सुरू होतो, तर कुणाचा तिशीच्या उंबरठ्यावर संपतो.

बहुतेक जाणते ज्योतिषी या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग घेतात. नेमक्या अंशाच्या आसपास थोडी मोकळीक देतात, तिला ऑर्ब म्हणतात. ती किती द्यायची यावर एकमत नाही. एक अंश पुरे म्हणणारे आहेत आणि पाच धरणारेही. पाच धरले तर तुमचा रिटर्न मार्च २०२५ ते मार्च २०२६ असा बरोबर वर्षभराचा होतो. मी स्वतः तीन अंशांच्या पुढे जात नाही, पण याला माझ्या सवयीपलीकडे काही आधार नाही. तीन वर्षं, एक वर्ष आणि तीन दिवस, ही तिन्ही उत्तरं एकाच ग्रहाची आहेत. म्हणून "निघून जाईपर्यंत थांबू का" या प्रश्नाला तारखेत उत्तर नाही. कुठली पट्टी लावायची हे आधी तुम्हीच ठरवता, मग ती पट्टी तुम्हाला तारीख सांगते.

आता ते दहावं घर. पाश्चात्त्य पत्रिकेत शनीची रास आणि अंश काढायला जन्मवेळ जवळजवळ लागत नाही, कारण तो दिवसाला फार तर अंशाचा आठवा भाग सरकतो. घरांचं मात्र तसं नसतं. घरं पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यावर बेतलेली असतात, त्यामुळे दर चार मिनिटांना सगळं चक्र अंशभर सरकतं आणि दोन तासांत घर बदलू शकतं. तुम्ही ॲपमध्ये वेळ काय घातलीत? माझा अंदाज, रकाना रिकामा सोडलात किंवा "माहीत नाही"वर टिचकी मारलीत. अशा वेळी बरीच ॲप गुपचूप दुपारचे १२ धरतात.

दुपारी बाराला सूर्य आकाशात सर्वांत उंच असतो, आणि पत्रिकेत तो सर्वांत उंच बिंदू म्हणजे जिथे दहावं घर सुरू होतं ती जागा. त्या दिवशी सूर्य मीनेच्या २४ अंशांवर होता आणि शनी २७ वर, म्हणजे जेमतेम तीन अंशांचं अंतर. त्यामुळे बाराची वेळ घातली की सूर्याला चिकटून शनीही आपोआप दहाव्या घरात जाऊन बसतो. त्या आठवड्यात जन्मलेल्या, वेळ माहीत नसलेल्या कुणाचीही पत्रिका त्या ॲपमध्ये घाला, त्यांचा प्रश्न "करिअरचा"च निघेल. तुम्ही खरंच पहाटे जन्मला असाल तर हाच शनी पहिल्या किंवा दुसऱ्या घरात येतो, संध्याकाळी जन्मला असाल तर सहाव्या-सातव्यात, आणि मग त्याच ॲपने तुम्हाला तब्येतीवर किंवा लग्नावर प्रवचन दिलं असतं. मी हे एवढं ठामपणे सांगते कारण सुरुवातीच्या काळात मी स्वतः यात फसले आहे. एका मुलीला मी तासभर चौथ्या घराबद्दल, आईवडिलांच्या घरातून बाहेर पडण्याबद्दल सांगितलं होतं. तिने डोळे पुसत मान डोलावली. महिन्याभराने तिचा जन्मदाखला मिळाला आणि शनी निघाला अकराव्यात. तिने मान डोलावली होती हे माझ्या अजून लक्षात आहे. पटणं हा पुरावा नसतो, हे मी त्या दिवशी शिकले.

तेव्हा घर बाजूला ठेवू आणि जे पक्कं आहे त्यावर बोलू: शनी मीनेत, सूर्याशेजारी.

पाश्चात्त्य परंपरेत शनी म्हणजे मर्यादा, वेळ, जबाबदारी आणि "हे पेलवेल का" हा प्रश्न. पहिल्या रिटर्नबद्दल म्हणतात ते असं. जन्मापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणूस बऱ्याच गोष्टी उसन्या घेऊन जगतो. घरच्यांना शोभेल असं शिक्षण, मित्रमंडळींत चालेल अशी नोकरी, कुणीतरी "तुला हे जमेल" म्हटलं म्हणून उचललेली कामं. शनी आपली फेरी पुरी करून आला की त्या उसन्याचा हिशेब मागतो. जे आपलं असतं ते या काळात टिकतं आणि घट्ट होतं. जे आपलं नव्हतं ते खुपायला लागतं. म्हणूनच या वयात कुणी लग्न करतं तर कुणी मोडतं, कुणी नोकरी सोडतं तर कुणी वर्षानुवर्षं टाळलेली परीक्षा देऊन टाकतं, आणि ज्योतिषी या सगळ्याला एकच नाव देतात. हे वर्णन किती सैल आहे ते तुम्हाला दिसतच असेल. त्यात बसणार नाही अशी घटना शोधून काढणं अवघड आहे.

मीनेतला शनी याला थोडा आकार देतो. मीन ही सीमा विरघळवणारी रास मानतात आणि शनी सीमा आखणारा. दोघं एकत्र आले की माणसाला आपलं काम कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे कळत नाही, अशी समजूत आहे. सूर्याजवळच्या शनीबद्दल म्हणतात, की अशी माणसं वरिष्ठांच्या नजरेत कमी पडू नये म्हणून पेलवण्याआधीच ओझं उचलतात. तुमच्या पत्रात "नाही म्हणता आलं नाही" हे चार शब्द वाचले आणि माझं बोट तिथेच थांबलं. पण मला ते सापडलं कारण मी ते शोधत होते, हेही खरं. त्या आठवड्यात जगभर जन्मलेल्या प्रत्येकाचा शनी मीनेच्या २७ अंशांच्या आसपास आणि सूर्याच्या कुशीत आहे. ते सगळे एप्रिलमध्ये टीम लीड झालेले नाहीत.

तीन भेटींचंही एक ठरलेलं वाचन आहे. पहिल्या भेटीत विषय समोर येतो, दुसऱ्या, म्हणजे वक्री भेटीत माणूस आत वळून त्यावर पुन्हा विचार करतो आणि तिसऱ्या भेटीत त्याचा निकाल लावतो. तुमच्याबाबत एप्रिलमध्ये पद आणि ऑक्टोबरमध्ये पोटात गोळा, हे इतकं चपखल बसतं की जानेवारीत काहीतरी घडलंच पाहिजे असं वाटायला लागतं. मोहाची जागा हीच आहे. ज्यांना जानेवारीत काही तरी व्हावंसं वाटतं ते काहीतरी करून टाकतात आणि मग म्हणतात, बघा, शनी आला होता.

एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते, म्हणून थोडं आडवळण घेते. एकोणतिसाव्या वर्षाला शनीचं वर्ष मानणं फार जुनं नाही. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीने आयुष्याचे सात टप्पे ग्रहांत वाटले होते. त्यात पहिली चार वर्षं चंद्राची, १४ पर्यंत बुध, २२ पर्यंत शुक्र, ४१ पर्यंत सूर्य, ५६ पर्यंत मंगळ, ६८ पर्यंत गुरू आणि त्यानंतरचं म्हातारपण शनीचं. म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही आज भर सूर्याच्या वर्षांत आहात. शनीचा फेरा जुन्यांना ठाऊक होता, त्याला ते तीस वर्षं देत. पण "विशी संपताना माणूस शनीच्या परीक्षेतून जातो आणि प्रौढ होतो" ही आजची गोष्ट विसाव्या शतकात, ज्योतिषाने मानसशास्त्राची भाषा उचलल्यावर पसरली. मला ती गोष्ट आवडते. फक्त तिला प्राचीन म्हणू नका.

आईच्या साडेसातीबद्दल थोडक्यात. ते गणित वेगळं आहे. साडेसाती जन्मावेळच्या चंद्राच्या राशीपासून मोजतात, त्या राशीच्या मागची, ती आणि पुढची अशा तीन राशींतून शनी जाईपर्यंत, म्हणून साडेसात वर्षं. रिटर्नला चंद्राशी देणंघेणं नाही, शनी स्वतःच्याच जुन्या जागी येतो. दोन्ही एकाच वेळी चालू असू शकतात, पण एकाचे अर्थ दुसऱ्याला चिकटवू नका. सायन-निरयनचा, म्हणजे पाश्चात्त्य आणि आपलं राशिचक्र वेगवेगळ्या जागी सुरू होण्याचा फरकही इथे फार आड येत नाही. रिटर्न म्हणजे त्याच अंशावर परत येणं, त्यामुळे राशिचक्र कुठून सुरू केलं तरी नेमकी तारीख काही दिवसांनीच पुढेमागे होते.

तुमच्या आयुष्यात शनीची ही लय आहे की नाही हे माझ्यावर विश्वास ठेवून मानण्यापेक्षा तपासता येईल, आणि तपासायची रीत अशी. रिटर्नच्या आधी शनी आपल्या जन्मस्थानापासून पाव, अर्धा आणि पाऊण फेरीवर असतो, म्हणजे साधारण सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या वर्षी. लय खरी असेल तर याच विषयाच्या खुणा तेव्हाही दिसायला हव्यात. तुमच्या शनीसाठी ती वर्षं मी काढली आहेत, पण ती इथून पुढच्या एका वाक्यानंतर येतील. त्याआधी वाचणं थांबवा, कोरा कागद घ्या आणि काहीही शोधत न बसता, आठवतील तसे, आयुष्यात जबाबदारी अंगावर पडली किंवा वरिष्ठांशी खटका उडाला असे सगळे प्रसंग वर्षासकट लिहा. जमल्यास दहा तरी.

आता वर्षं: २००२ च्या ऑगस्टच्या उत्तरार्धापासून २००३ च्या मेपर्यंत, मग २००९ चा ऑक्टोबर, मग २०१७. यांपैकी २००९ ला एकच भेट झाली, बाकी दोन्ही वेळा तीन-तीन. तुमच्या यादीतले किती प्रसंग या काळांत पडतात ते मोजा आणि लगेच दुसऱ्या तीन वर्षांतले, म्हणजे २००५, २०१२ आणि २०१९ मधले, तेवढ्याच महिन्यांचे काळ घेऊन तसंच मोजा. या दुसऱ्या वर्षांचा शनीच्या या टप्प्यांशी काही संबंध नाही, मी ती मुद्दाम मध्येच टाकली आहेत. दोन्हीकडे सारखेच प्रसंग निघाले, तर लय तुमच्या आयुष्यात नाही, ती सांगणाऱ्याच्या डोक्यात आहे. पहिल्या गटात ठळकपणे जास्त निघाले तरी दहा प्रसंगांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नका. आणि हो, वर्षं आधी वाचून मग प्रसंग आठवलेत तर सगळं मुसळ केरात. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये काय झालं असं विचारलं की प्रत्येकाला काहीतरी आठवतंच.

ज्योतिषाची नीट चाचणी घेतली की सहसा काय होतं तेही तुम्हाला माहीत असावं. १९८५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ शॉन कार्लसनने 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. पत्रिकेवरून तीन व्यक्तिमत्त्व-अहवालांपैकी खरा अहवाल ओळखायचा होता. ज्योतिष्यांचं प्रमाण तीनातला एक इतकंच पडलं, म्हणजे चिठ्ठी उचलावी तेवढंच. त्या प्रयोगाच्या मांडणीवर नंतर वाद झाले, आणि तो सॅटर्न रिटर्नबद्दल नव्हता. तरी मी हे सदर लिहिताना तो विसरत नाही.

राहिला राजीनामा. शनीची भाषा इथे एका गोष्टीसाठी वापरा. तो उसनं काय आणि आपलं काय हे विचारतो, तर तोच प्रश्न तुमच्या कामाला विचारा, आणि "नोकरी" असा एक गठ्ठा करून नको. लीड झाल्यापासून दिवसभरात नेमकं काय वाढलं ते आठवडाभर लिहून काढा. लोकांना कामं वाटून देणं खुपतं, की त्यांची राहिलेली कामं रात्री स्वतः पुरी करणं? वरच्यांसमोर आकडे मांडणं खुपतं, की टीमच्या चुकांसाठी बोलणी खाणं? तुमच्या पत्रातल्या त्या चार शब्दांवरून मला वाटतं, की गोळा पदामुळे येत नाही, तुम्ही इतरांचं काम स्वतःवर ओढून घेता त्यामुळे येतो. तसं असेल तर राजीनामा देऊन तुम्ही हीच सवय पुढच्या नोकरीत घेऊन जाल. आणि तसं नसेल, म्हणजे माणसं सांभाळणं हेच मुळात नको असेल, तर वरिष्ठांना सरळ विचारा, की पुन्हा आधीच्या कामावर जाता येईल का. हा प्रश्न अजून तुम्ही कुणाला विचारलेला दिसत नाही. त्याचं उत्तर नकारार्थी आलं की मग राजीनाम्याचा विचार पक्का करा, डिसेंबर असो की मार्च.

रोज सकाळी येणारा गोळा मात्र पत्रिकेवर सोपवू नका. महिना उलटून गेला आहे, झोप आणि जेवणही बिघडलं असेल तर डॉक्टरांना भेटा. ते शनीची वाट पाहत नाहीत.

जन्मवेळ सापडली तर कळवा. जन्म झाला त्या रुग्णालयाच्या नोंदीत ती बहुधा असते, घरच्यांच्या आठवणीपेक्षा तिचा भरवसा जास्त. तोवर ॲपमधला तो "दहावं घर" मजकूर पुसून टाका, आणि वेळ घालायच्या रकान्यात बाराऐवजी सकाळचे सहा घालून एकदा गंमत बघा.